दोन नमुने

दोघी बहिणींचे वडील शिंपी होते. दुकानाच्या भिंतीवर कापडाच्या तुकड्यांच्या माळा टांगलेल्या असत, आणि त्यांना ते नमुने म्हणत. गिऱ्हाईक आलं की माळ पुढे करायची. त्याने कापड दोन बोटांत चुरडून बघायचं, नाक मुरडायचं, पन्नास तुकडे उलटेपालटे करायचे आणि शेवटी पहिलाच पसंत करायचा. दोन्ही मुली त्या माळांखाली बसून शिंप्याच्या खडूने फरशीवर अक्षरं काढत. थोरली एकच अक्षर पुसून पुसून काढी. ते मनासारखं उतरेपर्यंत तिला जेवायला उठवणं कठीण. धाकटी सगळी फरशी भरून टाकी आणि जागा संपली की गिऱ्हाइकाच्या चपलांवर जाई. मुली काय करतात हो तुमच्या, असं कुणी विचारलं, की वडील ओठांत धरलेली टाचणी काढून म्हणत, "काय सांगू? वर टांगलेत ते खपणारे नमुने, आणि खाली बसलेत ते न खपणारे."

मोठेपणी दोघी डिझाइनचं काम करू लागल्या. खोकी, लेबलं, पुस्तकांची मुखपृष्ठं, दुकानांच्या पाट्या, जे मिळेल ते. कुणाच्या नोकरीत नव्हत्या. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी दोन टेबलं समोरासमोर लावली, तेच त्यांचं ऑफिस. नाव काय ठेवायचं यावर थोरली आठवडाभर कागद खराब करत होती. धाकटीने एका दुपारी पुठ्ठ्यावर ‘नमुने’ एवढंच लिहिलं आणि दाराबाहेर चिकटवून टाकलं.

"अगं, लोक हसतील," थोरली म्हणाली.

"हसू देत ना. हसलेला माणूस नाव विसरत नाही. आणि बाबांना पण बरं वाटेल, अखेर खपले म्हणून."

पुढे पुठ्ठ्याच्या जागी लाकडी पाटी आली, पण अक्षरं धाकटीचीच राहिली.

कामाची वाटणी आपोआप पडली होती. थोरलीकडे मोजमाप, अक्षरांची ठेवण, छापखान्याशी हुज्जत. धाकटीकडे रंग, चित्रं आणि भरती. भरती हा त्यांचा घरातला शब्द. खोक्याचं किंवा पुस्तिकेचं डिझाइन करायला घेतलं की गिऱ्हाइकाचा खरा मजकूर कधीच वेळेवर येत नाही. तोपर्यंत त्या जागी काहीतरी भरून ठेवावं लागतं, म्हणजे परिच्छेद कसा दिसेल ते कळतं. बाकीचे लोक तिथे एकच ओळ दहा वेळा चिकटवतात, नाहीतर कळफलकावर बोटं आपटून अर्थ नसलेली अक्षरं उमटवतात. धाकटीला ते चालत नसे. खरी वाक्यं असल्याशिवाय परिच्छेद खऱ्यासारखा दिसत नाही, असं ती म्हणे. म्हणून ती मनात येईल ते लिही. तेलाच्या डब्याच्या पाठीवर, ‘समोरच्या गच्चीवरचे आजोबा आज पुन्हा उलटा स्वेटर घालून आले.’ बँकेच्या अहवालात, ‘माझ्या मुलीला गणित येत नाही आणि ती ते मान्यही करत नाही, म्हणजे ती नक्की माझीच.’

काम गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी भरती वाचून काढायची, हे थोरलीचं काम. भिंग घेऊन ती ओळ न् ओळ वाची, हसू दाबी आणि म्हणे, "तुझ्यामुळे एक दिवस आपली अब्रू जाणार आहे." मग खुणा करी, काय काढायचं, काय राहिलंय. इतक्या वर्षांत एकही ओळ बाहेर गेली नव्हती.

धाकटीचं लग्न टिकलं नव्हतं. मुलगी तिसरीत असताना ती पिशव्या घेऊन थोरलीकडे आली, ती कायमची. थोरलीने लग्न केलंच नव्हतं. विचारलं तर सांगे, "मनासारखं अक्षर उतरलं नाही." त्या मुलीला दोघींनी मिळून वाढवलं. ती आता एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरीला होती. गणित शेवटी आलंच.

मग धाकटी आजारी पडली.

इस्पितळ मोठं होतं, जुन्या इमारतीला नवी इमारत जोडलेली, आणि त्या जोडात माणूस हमखास हरवायचा. पाट्या होत्या, भरपूर होत्या. ज्याला जेव्हा सुचलं त्याने तेव्हा लावलेल्या. काही निळ्या, काही पिवळ्या, काही नुसत्या कागदावर छापून चिकटपट्टीने डकवलेल्या. तपासणी विभागाकडे जाताना लिफ्टच्या पुढे एक जाडजूड खांब होता, तिथे उजवीकडे वळायचं असे. बाण मात्र खांबाच्या पलीकडच्या अंगाला होता, म्हणजे वळण चुकल्यावर दिसणारा. पहिल्या दिवशी थोरली चाकाची खुर्ची ढकलत सरळ गेली आणि दोघी धुलाईखात्यात पोचल्या. चादरींचे ढीग, वाफ, आणि एक बाई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "इकडे कपडे धुतात हो, माणसं नाही."

धाकटी खुर्चीत हसून हसून खोकली. परत वळताना ती खांबाकडे मान वळवून बघत राहिली.

"ताई, मी बरी झाले ना, की या पाट्या आपण करायच्या."

"आधी बरी तर हो."

"खरंच सांगते. फुकट करू हवं तर. पण हा खांब असा सोडायचा नाही."

त्याच सुमाराला एका साबणाच्या कंपनीचा निरोप आला होता. नवा साबण येतोय, खोक्याचा एक नमुना करून पाठवा, आवडला तर सगळी मालिका तुमचीच. नमुन्याचे पैसे अर्थातच नाहीत. थोरलीचं मन नव्हतं. पण धाकटीच्या औषधांच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडे बरे दिवस यायचे, आणि त्या दिवसांत तिला रिकामं बसवत नसे. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. पानांची एक वेल काढली, हिरव्यातला एक असा हिरवा शोधला की ओला वाटावा. ते बरे दिवस सगळे त्या खोक्यात गेले. खिडकीत बसायला, लेकीशी गप्पा मारायला, नुसतं पडून राहायला जे उरले असते, ते. थोरली त्या दिवसांत औषधांच्या दुकानांत आणि रक्ताच्या अहवालांमागे धावत होती. धाकटीने विचारलं, "पाठवू का गं?" तेव्हा तिने चपला घालता घालता सांगितलं, "पाठव." भिंग हातात घ्यायचं राहून गेलं.

कंपनीने ‘कळवतो’ म्हणून कळवलं आणि पुढे काही कळवलं नाही. नंतर धाकटीही राहिली नाही.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी भाची कामावरून आली आणि तिने पिशवीतून साबण काढून टेबलावर ठेवला. पानांची वेल तीच होती. हिरवाही तोच, छपाईत जरा मेलेला. थोरलीने खोकं उलटं केलं. पाठीवर सगळ्यात खाली, जिथे कंपनीच्या परंपरेबद्दल काहीबाही लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही, तिथे बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. तिने भिंग शोधलं.

‘ताईने आज पुन्हा दूध उतू घालवलं. मी झोपल्याचं सोंग घेतलं. ती ओटा पुसताना रडत होती, आणि मी काही बोलले असते तर तिला ओटा पुसायचंही सुख राहिलं नसतं. साबण चांगला असावा.’

कुणीतरी त्यांची फाइल घेऊन जशीच्या तशी छापली होती, न वाचता. थोरलीने कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की डिझाइन आमच्या माणसाने केलं आहे. लेखी करार काहीच नव्हता. छापखानेवाले काका तावातावाने म्हणाले, "भांडा हो ताई, ही ओळच पुरावा आहे. कोणती कंपनी आपल्या साबणावर दूध उतू घालवते?" पण ती ओळ घेऊन कुण्या वकिलाच्या टेबलावर जायचं, तिथे ती मोठ्याने वाचली जायची, हे थोरलीला जमेना. भाचीने साबण आणला त्या दुकानातली उरलेली खोकी तिने सगळी विकत आणली आणि कपाटात ठेवली. आणि ठरवून टाकलं, यापुढे ‘नमुने’मधून फुकटचा नमुना जाणार नाही. कुणालाही नाही.

तो नियम तिने पाळला. दोन-चार गिऱ्हाइकं गेली, गेली तर गेली. मग एक दिवस इस्पितळाचा ईमेल आला.

त्याच इस्पितळाचा. सगळ्या पाट्या नव्याने करायच्या आहेत, असं व्यवस्थापकांनी लिहिलं होतं. आपण एका वाचनालयासाठी केलेल्या पाट्या आमच्या पाहण्यात आल्या, आवडल्या. निवड करण्यापूर्वी मुख्य दारापासून तपासणी विभागापर्यंतच्या पाट्यांचे दोन-तीन नमुने विनामूल्य करून पाठवावेत. आणखी दोन डिझायनरांना हेच कळवलं आहे. समितीला जे पसंत पडेल त्यांना काम देण्यात येईल.

थोरलीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मुख्य दार ते तपासणी विभाग. म्हणजे तो खांबही आलाच.

आयुष्यात आता तिला एकच काम मनापासून हवं होतं, आणि ते मागत होते नेमकं तेच, जे द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. धाकटीचा शब्द एकीकडे, धाकटीचे गेलेले दिवस दुसरीकडे. समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघून काही उपयोग नव्हता. तिथून कधीच सरळ उत्तर आलं नव्हतं, माणूस होतं तेव्हासुद्धा.

तिने उत्तर लिहायला घेतलं. बोलताना ती चाचरायची, पण कागदावर रागाला वाट फुटली. डिझायनरचा वेळ म्हणजे काय वाऱ्यावर पडलेला असतो का, नमुना म्हणून नेतात आणि पुढे काय करतात ते आम्ही पाहिलं आहे, माणसाचे बरे दिवस मोजके असतात, असं बरंच. संध्याकाळी तिने भाचीला वाचून दाखवलं. भाची भाजी निवडत ऐकत होती.

"मावशी, हे उत्तर साबणवाल्यांना आहे."

"म्हणजे?"

"इस्पितळवाल्यांनी अजून काय केलंय तुझं? नुसतं विचारलंय."

थोरलीने लिहिलेलं बाजूला सारलं. मग म्हणाली, "तू मला समजावू नकोस. आजोबांकडे कधी कुणी म्हणालं का, एक बाही शिवून दाखवा, बरी वाटली तर उरलेला शर्ट तुम्हालाच देतो? कापड बघायचे, आधीचे शर्ट बघायचे, आणि माप द्यायचे."

"मग तेच लिही ना. एवढं छान सांगतेस." भाचीने देठं बाजूला केली. "आणि एक लिही. आई तिथेच होती म्हणून. ते लोक विरघळतील. नमुना मागणारच नाहीत."

"ते लिहिलं तर तोही नमुनाच झाला गं," थोरली म्हणाली. "फुकटचा."

भाचीने मान खाली घातली आणि भाजीत पुन्हा काही सापडतंय का ते बघू लागली.

"तुझी आई म्हणाली होती, आपण फुकट करू म्हणून," थोरली हळूच म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"अख्खं काम?"

"अख्खं."

"मग अख्खं फुकट करशील, पण नमुना नाही?"

"देणं वेगळं असतं. हे देणं नाही. यात तिघांनी राबायचं आणि दोघांचं केराच्या टोपलीत जायचं. कधीकधी तिघांचं, आणि मग एकाचं टोपलीतून उचलायचं."

"तू पण ना मावशी, एक नमुना आहेस," भाची म्हणाली. आईसारखंच म्हणाली, तोच सूर, शेवटचा शब्द जरा लांबवून. दोघींनाही ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पहिलं पत्र पुसून नवं लिहिलं. ते असं होतं:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या कामाचा विचार केलात, आभारी आहे. हे काम मला करायची फार इच्छा आहे. मात्र निवडीआधी विनामूल्य नमुने करून देणं मला शक्य नाही. आधी केलेली कामं मी घेऊन येईन, ती कशी केली ते सांगेन, ज्यांची केली त्यांचे फोन देईन. तुम्हाला आमचं काम करून पाहायचंच असेल तर एक लहान भाग ठरवू, त्याचे रीतसर पैसे ठरवू, आणि पुढे पूर्ण काम मिळालं तर ते त्यातून वजा करू. काम नाही मिळालं तर तो भाग तुमचा, पैसे माझे, कुणाची तक्रार नाही.

‘आणखी एक सांगते. पाटी दिसायला कशी हवी हे टेबलाशी बसून ठरतं, पण ती कुठे हवी हे तिथे उभं राहून, माणसं कुठे थबकतात ते बघूनच कळतं. ते न बघता केलेला नमुना सुंदर दिसेल आणि समितीला पसंतही पडेल. तो खरा असेल असं मला सांगता येणार नाही.’

भाचीने वाचलं. "आता कसं माणसासारखं झालं," ती म्हणाली. थोरलीने पाठवायचं बटण दाबलं आणि उठून उगाचच खिडकीच्या काचा पुसल्या.

व्यवस्थापकांचा फोन आला, या, प्रत्यक्ष बोलू. थोरली वाचनालयाचं काम फायलीत घालून गेली. ती नेमकी लवकर पोचली आणि दाराशी घुटमळत राहिली. आत शिरताना तेच औषधी फिनेलचं नाकाला झोंबणं, तेच पंखे. व्यवस्थापक म्हणजे थकलेला, सभ्य माणूस. टेबलावर फायलींच्या भिंती, मध्ये एक फट, त्या फटीतून ते बोलत. त्यांनी चहा मागवला, काम उलटून बघितलं, मनापासून बघितलं.

"छान आहे. माझ्या हातात असतं तर आत्ताच ठरवलं असतं."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"समिती. सगळे डॉक्टर. त्यांना चित्र लागतं हो. कागदावर शब्द दिसले की ते सही कुठे करायची तेवढंच शोधतात." ते हसले. "आणि राग नका मानू, पण तुमचं नावच ‘नमुने’. नमुनेवाल्याच नमुना नाही म्हणतात म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांना गंमत वाटली."

थोरलीलाही हसू आलं. "वडिलांचा शब्द आहे. त्यांचं म्हणणं, आम्ही न खपणारे."

"बाकी दोघांनी होकार दिलाय. पैसे देऊन लहान भाग करून घ्यायचा तर आमच्याकडे तसा रकाना नाही. एका मुलाने तर कालच पाठवलंही. तुम्ही एखादंच चित्र दिलंत तरी मी ते पुढे ठेवीन. एकच."

एकच. थोरलीने खालमानेने फाइलचा कोपरा सरळ केला. एक चित्र म्हणजे तिला सकाळचं काम होतं. घशापर्यंत आलं होतं, देते म्हणून. मग तिला धाकटीच्या मांडीवरचा लॅपटॉप दिसला, आणि चपला घालता घालता आपणच म्हटलेलं ‘पाठव’.

"चित्र नको," ती म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही माझ्याबरोबर चालत चला. मुख्य दारापासून तपासणीपर्यंत. तुमची दहा मिनिटं द्या. तेवढ्यात कळेल मी काम कसं करते."

त्यांनी घड्याळाकडे, मग तिच्याकडे बघितलं, आणि उठले. बहुधा इतक्या वर्षांत त्यांना कुणी चाला म्हणालं नव्हतं. दाराशी जाऊन दोघं वळले. "आता तुम्ही इथले नाही," थोरली म्हणाली, "हातात कागद आहे, कुणीतरी आजारी आहे. बघा काय दिसतं." व्यवस्थापक एका पाटीपाशी थांबले, मग दुसऱ्या. ती आता चाचरत नव्हती. इथे अक्षर मोठं हवं, इथे पाटीच नको, इथे माणूस खाली बघत येतो कारण जिना संपतो. लिफ्टच्या पुढे आले, तसे व्यवस्थापक सरळ निघाले.

"इकडे," ती म्हणाली. "उजवीकडे."

ते थबकले. खांबाला वळसा घालून त्यांनी पलीकडचा बाण बघितला. ओशाळलेले दिसले. "मी रोज इथून जातो," ते म्हणाले.

"तुम्हाला रस्ता माहीत आहे, मघाशी नुसते बोलण्याच्या नादात चुकलात. ज्याला माहीत नाही तो पाटीच्या भरवशावर येतो. ही अलीकडच्या अंगाला हवी, आणि खुर्चीत बसलेल्याला दिसेल एवढ्या उंचीवर. सगळ्या पाट्या उभ्या माणसासाठी लावतात. या वळणावर निम्मे तरी बसून येतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

थोरलीने खांबाकडे बघितलं. त्याचा रंग खुर्च्यांच्या चाकांनी घासून गेला होता. "इथे उभी राहिले आहे," ती म्हणाली.

त्यांना पुढे काहीतरी विचारायचं होतं, पण खिशातला फोन वाजला. "आलोच," म्हणून ते बोलत बोलत जिन्याकडे गेले. ती खांबापाशी थांबली. धुलाईखात्याकडून वाफेचा वास येत होता. बरीच वाट बघून ती फाइल काखेत मारून घरी आली.

थोड्या दिवसांनी उत्तर आलं. समितीने दुसऱ्या डिझायनरची निवड केली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. खाली व्यवस्थापकांनी स्वतःहून एक ओळ घातली होती: ‘त्या चालण्याबद्दल विशेष आभार.’

भाची म्हणाली, "तू बरोबर केलंस मावशी."

"हो ना," थोरली म्हणाली, आणि दूध बघायला आत गेली.

बरोबर केलं होतं. पण बरोबर केल्याचं समाधान म्हणतात ते काही आलं नाही. कधी कधी जेवता जेवता तिचा हात थांबे. एकच चित्र होतं. सकाळचं काम. धाकटीने डोळे मिटून दिलं असतं. मग वाटे, दिलं असतंच तिने, म्हणून तर आपण दिलं नाही.

पुढे थोरलीला डोळ्यांच्या तपासणीसाठी त्याच इस्पितळात जावं लागलं. काम संपल्यावर ती बाहेर पडायच्या ऐवजी आत वळली. नव्या पाट्या लागल्या होत्या. पांढऱ्यावर गडद निळ्या, सगळ्या एका घरच्या. तिने नाक मुरडायची तयारी केली होती, पण तसं काही नव्हतं. ज्याने केलं त्याने काम चांगलं केलं होतं. एका ठिकाणी मात्रा पाटीच्या वरच्या कडेच्या रेघेला चिकटली होती, तेवढी तिला खुपली.

लिफ्टच्या पुढे खांबावर पाटी होती. अलीकडच्या अंगाला. आणि खाली, खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर.

थोरली तिथेच भिंतीला टेकली. म्हणजे नमुना गेलाच होता तर. चित्र दिलं नव्हतं, पण तेवढं एक ती बोलून गेली होती, आणि तेच तर सगळ्यात मोलाचं होतं. राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत उभी राहिली.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. एक मध्यमवयाची बाई खुर्ची ढकलत बाहेर आली. खुर्चीत म्हातारे गृहस्थ, मांडीवर कागदांची पिशवी. बाई भांबावून वर बघू लागली. थोरली पुढे झाली, उजवीकडे म्हणून सांगायला. पण म्हाताऱ्यांनीच बोट केलं.

"हे काय इथे लिहिलंय. उजवीकडे."

"दिसलं का तुम्हाला, बाबा?"

"डोळ्यांसमोरच तर आहे."

आणि दोघं वळून गेले. कुणी थांबलं नाही, कुणी थोरलीला काही विचारलं नाही. खुर्चीच्या चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत ती ऐकत होती. मग तिने पदराने चष्मा पुसला, तो डोळ्यांना लावला, तरी समोरची पाटी धूसरच दिसत होती. डॉक्टरांनी मघाशी डोळ्यांत थेंब घातले होते, त्याने असं होतं म्हणून सांगितलंच होतं.

घरी एक पुस्तिका अर्धी पडली होती, बियाणांच्या दुकानाची. मजकूर अजून आला नव्हता. धाकटी गेल्यापासून थोरली भरतीला एकच ओळ चिकटवत असे, सगळ्यांसारखी. त्या संध्याकाळी दृष्टी निवळल्यावर ती बसली आणि एका बोटाने लिहू लागली. भाची चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून वाचू लागली.

‘धाकटे, खांबावर पाटी लागली. आपली नाही, पण जागा आपली आहे. अक्षर बरं आहे, एक मात्रा चिकटली आहे. धुलाईखात्यात आता कुणी जात नाही, त्या बाईला चुकल्याचुकल्यासारखं होत असेल. दूध मी हल्ली उभी राहून तापवते.’

भाचीने कप टेबलावर ठेवला. 

"मावशी, हे पाठवायच्या आधी काढायचं आहे ना?"

"काढायचं," थोरली म्हणाली. तिने भिंग जवळ ओढलं, पहिल्या ओळीवर धरलं, आणि पुन्हा बाजूला ठेवलं. "त्यांचा मजकूर येऊ दे. आला की काढू."

परिच्छेद खऱ्यासारखा दिसत होता.